कॅमेऱ्याला दिसलं, भोंग्याला कसं कळणार?

गौरी-गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की दापोली-गुहागरकडच्या वाड्यांतली पुष्कळ घरं पुन्हा कुलपात जातात. त्यातल्या बऱ्याच घरांच्या पडवीत आता आयपी कॅमेरा दिसतो. आयपी कॅमेरा म्हणजे नेटवर्कच्या वायरीवरून किंवा वायफायवरून चित्र पाठवणारा कॅमेरा. मुंबईत बसून अंगण दिसतं, आगरातले नारळ पडलेले दिसतात, घरचं कोणी गेलं-आलं तेही दिसतं. पण रात्री अडीच वाजता कोणी बेडं उघडून आत शिरलं तर मालक झोपेत असतो, मोबाइलवरची सूचना उशाशी वाजून विझते, आणि सकाळी हातात येतं ते चोराचं छान रेकॉर्डिंग.

हालचाल दिसताक्षणी अंगणात दिवा लागावा, भोंगा वाजावा आणि शेजारपाजार जागा व्हावा, एवढंच बहुतेकांना हवं असतं. ते इंटरनेटशिवाय, थोड्या जादा सामानात जमतं. फक्त कॅमेरा आणि भोंगा यांच्यामध्ये काय बसवायचं हे नीट कळलं नाही तर कॅमेऱ्याचं आउटपुट पहिल्याच रात्री जळतं. म्हणून आधी ते.

## कॅमेऱ्याच्या शेपटीतल्या बारीक वायरी

कॅमेऱ्याच्या मागून वायरींचा झुबका निघतो. त्यात नेटवर्कचा सॉकेट आणि 12 व्होल्टचा गोल सॉकेट असतोच. काही मॉडेलांत त्याशिवाय चार-पाच बारीक, उघड्या टोकांच्या वायरी असतात आणि त्यांच्यावर अलार्म इन, अलार्म आउट अशी चिठ्ठी असते. बसवणारे बहुतेकदा त्यांना टेप गुंडाळून डब्यात कोंबून टाकतात. आपलं काम नेमकं त्यांच्यापाशी आहे.

अलार्म इन म्हणजे बाहेरच्या सेन्सरकडून कॅमेऱ्याला मिळणारा इशारा. अलार्म आउट म्हणजे कॅमेऱ्याने बाहेर द्यायचा इशारा. या दोन आउट वायरींतून वीज बाहेर येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत त्या आतल्या एका चिमुकल्या स्विचची दोन टोकं असतात. एरवी ती सुटी असतात, हालचाल दिसली की एकमेकांना जोडली जातात. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोड तपासताना बीप करतो त्या खुणेवर, लावून दोन्ही टोकांना धरा आणि कॅमेऱ्यासमोरून कोणाला तरी चालायला सांगा. बीप आला की स्विच मिटला.

## मग भोंगा थेट का नाही जोडायचा?

कारण तो स्विच फार नाजूक असतो. कॅमेऱ्याचं माहितीपत्रक उघडून अलार्म आउटसमोरचा आकडा बघा. छोट्या बुलेट कॅमेऱ्यांत तो बऱ्याचदा 12 व्होल्ट, 30 मिलिअँपिअर एवढाच असतो. काही मोठ्या कॅमेऱ्यांत तो 1 अँपिअरपर्यंतही जातो, म्हणून अंदाज न करता आपल्याच मॉडेलचा आकडा पाहायचा.

आता भोंग्याचं लेबल पाहा. घरगुती 12 व्होल्टच्या भोंग्यावर 300 ते 500 मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, मोठ्या हॉर्नवर 1 अँपिअर किंवा त्याहून जास्त. 500 मिलिअँपिअरचा भोंगा 30 च्या स्विचवर टाकला तर झेपण्यापेक्षा सोळा-सतरा पट ओझं पडतं. स्विच एक तर चिकटून कायमचा मिटतो, नाही तर कायमचा उघडा पडतो. ओळखायला सोपं आहे: बाहेरचं सगळं सोडवून मीटर लावा. समोर काही हालत नसतानाही बीप येत राहिला तर तो चिकटला. आउटपुट चालू आहे असं कॅमेऱ्याच्या पानावर दिसतं आणि मीटर मुका राहतो, तर तो उघडा गेला. दोन्हीत कॅमेऱ्याचं चित्र अगदी ठणठणीत येतं, त्यामुळे बिघाड लवकर लक्षात येत नाही.

## मधला माणूस: रिले

रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. त्याच्या एका बाजूला तारेचं वेटोळं असतं. त्यातून थोडी वीज गेली की ते लोहचुंबक होतं आणि दुसऱ्या बाजूचा दणकट स्विच ओढून मिटवतं. या दोन बाजूंचा एकमेकांशी विजेचा संबंध नसतो.

आगरात पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवताना आपण हाताने चिखलाचा बांध फोडतो. पाणी विहिरीचं असतं, हात फक्त वाट मोकळी करतो. कॅमेऱ्याचं अलार्म आउट हा तो हात. भोंग्याला लागणारी वीज स्वतंत्र बॅटरीतून यायची, कॅमेऱ्याने फक्त वाट उघडायची.

इथे एक बारीक खोच आहे. बाजारात मिळणारा निळा, चौकोनी 12 व्होल्टचा सुटा रिले घेतला तर त्याच्या वेटोळ्याचा रोध साधारण 400 ओहम असतो. 12 भागिले 400 म्हणजे 30 मिलिअँपिअर, म्हणजे बरोबर मर्यादेवर. आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीचा दाब 12 नसतो, साडेतेराच्या वर असतो. तेव्हा तोच रिले 34 मिलिअँपिअर खेचतो. शिवाय सुट्या रिलेचं वेटोळं बंद होताना उलटा झटका मारतो आणि तो नाजूक स्विचला नडतो. तो झटका जिरवायला 1N4007 नावाचा डायोड वेटोळ्याच्या दोन टोकांवर लावावा लागतो, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे.

म्हणून माझी शिफारस सुट्या रिलेची नाही, ऑप्टोकपलर असलेल्या 12 व्होल्टच्या रिले मॉड्यूलची. ऑप्टोकपलर म्हणजे प्रकाशातून इशारा पुढे देणारा छोटा भाग. त्याला चालवायला मोजके मिलिअँपिअर पुरतात आणि झटका जिरवणारा डायोड मॉड्यूलवर आधीच असतो. शंभर-दीडशे रुपयांची ही पट्टी कॅमेऱ्याचं आयुष्य वाचवते.

## आत्येभावाच्या घरची जोडणी

दापोलीजवळ समुद्राकडे तोंड केलेलं आत्येभावाचं घर आहे. पुढे अंगण, अंगणाला जांभ्याचा गडगा, मागे माड-पोफळीचं आगर. कॅमेरा पडवीच्या खांबावर आहे आणि बेड्यापासून ओटीपर्यंतची वाट त्याला दिसते. मॉड्यूलचा डबा आत माजघरात, भोंगा वर वाशाला, हात पोचणार नाही असा.

मॉड्यूलच्या एका बाजूला तीन स्क्रू आहेत: पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि इन. पहिल्या दोन्हींत बॅटरीच्या 12 व्होल्टच्या वायरी. मॉड्यूलवर एक छोटी टोपी असते, ती लो ट्रिगरवर ठेवली. याचा अर्थ, इन हा स्क्रू निगेटिव्हला टेकला की रिले ओढला जातो. कॅमेऱ्याच्या अलार्म आउटची एक वायर इनमध्ये आणि दुसरी, म्हणजे कॉमनची, मॉड्यूलच्या निगेटिव्हमध्ये. काही कॅमेऱ्यांचं आउटपुट सुटा स्विच नसून फक्त निगेटिव्हकडे ओढणारं असतं. त्या प्रकारालाही हीच जोडणी चालते, फक्त कोणती वायर आउटची आणि कोणती कॉमनची हे उलटंसुलटं होऊ द्यायचं नाही.

मॉड्यूलच्या दुसऱ्या बाजूला आणखी तीन स्क्रू: कॉम, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडा, एनसी म्हणजे एरवी मिटलेला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून 2 अँपिअरचा फ्यूज, तिथून कॉम, मग एनओमधून भोंग्याची लाल वायर आणि भोंग्याची काळी वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. फ्यूज टाळू नका. 7 अँपिअर-तासाची बॅटरी छोटी दिसते, पण शॉर्ट झाली तर वायर लालबुंद करते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला.

भोंग्यापर्यंतची वायर नेटवर्क केबलमधली उरलेली जोडी वापरून नेऊ नका. ती तार फार बारीक असते. 25 मीटर अंतरावरच्या 500 मिलिअँपिअरच्या भोंग्याला जाता-येता त्या तारेत 2 व्होल्टच्या आसपास दाब हरवतो आणि भोंगा रडका वाजतो. अलार्म आउटच्या इशाऱ्यासाठी मात्र तीच जोडी उत्तम, कारण तिथे वाहण्यासारखं काही नसतंच.

आता कॅमेऱ्याचं पान ब्राउझरमध्ये उघडायचं. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, पण `Event` मध्ये `Motion Detection` असतं, त्यात `Linkage Method` आणि त्याखाली `Trigger Alarm Output`. तिथे खूण केल्याशिवाय हालचाल कितीही दिसली तरी आउटपुट ढिम्म राहतं. बहुतेकांची जोडणी "चालत नाही" ती या एका खुणेमुळे. `Alarm Output` च्या पानावर `Delay` असतो, म्हणजे आउटपुट किती वेळ चालू राहावं. तिथे 30 सेकंद ठेवले. त्याच पानावर हाताने आउटपुट चालू करायचं बटण असेल तर आधी त्यानेच तपासा: बटण दाबलं, मॉड्यूलमध्ये टिक असा आवाज आला, भोंगा वाजला. तिन्ही झाले तर वायरिंग बरोबर आहे. पुढची गडबड सेटिंगची असते.

## भोंगा एकदा कुई करून गप्प का होतो?

हा सगळ्यात फसवणारा बिघाड. कॅमेऱ्यासोबत आलेला 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अॅडॉप्टर असतो आणि त्याच्यावरच भोंगाही टाकला जातो. भोंगा सुरू होताच अॅडॉप्टरचा दाब कोसळतो, कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू होतो, सुरू होताना आउटपुट सुटतं आणि भोंगा थांबतो. बघणाऱ्याला वाटतं भोंगा खराब आहे. खरी खूण मोबाइलवर दिसते: भोंगा कुई करतो त्याच क्षणी चित्र गोठतं आणि मिनिटभराने परत येतं.

उपाय म्हणजे बॅटरी जोडायची सोय असलेला 12 व्होल्टचा चार्जर-पुरवठा आणि 7 अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी. कोकणात पावसाळ्यात वीज रात्र-रात्र जाते, आणि मेन स्विच खाली ओढणं चोरालाही सुचतं, त्यामुळे बॅटरी इथे चैन नव्हे. हिशेब असा: रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा साधारण अर्धा अँपिअर घेतो. सातला अर्ध्याने भागलं तर कागदावर 14 तास येतात, पण ही बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून आठ-नऊ तास धरा. भोंगा 30 सेकंद वाजून जे खातो ते या हिशेबात दिसतही नाही. बॅटरी संपवतो तो कॅमेरा. त्याच बॅटरीवर राउटर टाकलात तर वेळ निम्म्यावर येईल. भोंग्याला राउटर लागत नाही, मोबाइलवरच्या चित्राला लागतो.

## दिवा 230 व्होल्टचा लावू का?

रिलेवर 10 अँपिअर, 250 व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यामुळे 50 वॅटचा एलईडी फ्लड सहज चालेल असं वाटतं. तो आकडा साध्या, गरम होणाऱ्या ओझ्यासाठी आहे. एलईडी दिवा सुरू होतानाच्या क्षणी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट खेचतो आणि त्या ठिणगीने छोट्या रिलेचे संपर्क हळूहळू वितळून चिकटतात. रिले टिक करून सुटला तरी दिवा जळतच राहिला, तर समजा चिकटले.

बंद घरासाठी मी 12 व्होल्टचा एलईडी फ्लड सांगेन, 10 वॅटचा. तो त्याच एनओ स्क्रूवर भोंग्याच्या बरोबरीने बसतो, जेमतेम 1 अँपिअर घेतो, वीज गेल्यावरही लागतो आणि ओल्या भिंतीत 230 व्होल्ट फिरवावे लागत नाहीत. 230 चाच हवा असेल तर पुढे कॉन्टॅक्टर किंवा त्या कामाचा मोठा रिले लावून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. न्यूट्रल नाही, फेज तोडायचा, आणि त्या वायरी 12 व्होल्टच्या डब्यात आणायच्याच नाहीत.

## पाऊस, कोळी आणि झावळ्या

वायरिंग एका दुपारचं काम आहे. खरा कस पुढे लागतो. आत्येभावाने पहिल्या दिवसापासून भोंगा जोडून टाकला होता. मे महिन्यात सुट्टीला आला तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, तुझा तो भोंगा रोज रात्री बोंबलतो. आम्ही आता उठून बघतही नाही." भोंगा शेजाऱ्यांना उठवण्यासाठी असतो. त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला की पुढची सगळी वायरिंग व्यर्थ.

साधी मोशन डिटेक्शन म्हणजे आधीच्या आणि आत्ताच्या चित्रातले ठिपके किती बदलले याची मोजणी. माणूस आणि माडाची झावळी यांतला फरक तिला कळत नाही. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि काचेसमोर जाळं विणतो. ते जाळं लेन्सच्या अगदी जवळ असल्याने इन्फ्रारेडमध्ये पांढरं चमकतं, वाऱ्यावर हललं की अर्धं चित्र बदलतं. पावसाच्या धारांचंही तेच. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये रात्रीच्या बहुतेक घटना याच दोन कारणांच्या निघाल्या, आणि उरलेल्यांत एक ऊदमांजर गडग्यावरून रोज ठरलेल्या वेळी जाताना दिसलं.

तीन गोष्टी बदलल्या. साध्या मोशनऐवजी `Intrusion Detection` घेतलं आणि क्षेत्र फक्त बेड्यापासून ओटीपर्यंतच्या वाटेचं आखलं. झावळ्या, गडगा आणि बाहेरचा रस्ता वगळला. त्या क्षेत्रात कोणी किमान 2 सेकंद थांबलं तरच घटना धरायची असं ठेवलं. कॅमेऱ्यात माणूस ओळखण्याची सोय होती, तिथे `Human` वर खूण केली. हे पर्याय नसलेल्या कॅमेऱ्यात निदान क्षेत्र छोटं करा आणि संवेदनशीलता खाली आणा. नव्या घटनेसाठी `Trigger Alarm Output` वर पुन्हा वेगळी खूण करावी लागते आणि जुन्या मोशनवरची काढावी लागते, हे विसरू नका. तिसरं, कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे बंद करून वेगळा इन्फ्रारेड दिवा चार-पाच फूट लांब लावला. किडे आणि कोळी तिकडे गेले.

आणि भोंगा काढून फक्त दिवा ठेवला. दोन-तीन आठवडे दिवा कधी-कधी लागतो हे रेकॉर्डिंगमध्ये पाहायचं, कारणं दुरुस्त करायची, आणि दिवा फक्त माणसाला लागतो अशी खात्री पटली की मगच भोंगा जोडायचा. नव्याने बसवणाऱ्यानेही याच क्रमाने जावं असं मला मनापासून वाटतं.

वेळापत्रक, म्हणजे `Arming Schedule`, रात्री 10 ते सकाळी 6 ठेवलं. पण काही कॅमेऱ्यांना वीज जाऊन आल्यावर स्वतःचं घड्याळ आठवत नाही, ते इंटरनेटवरून वेळ विचारून घेतात. वीज आली आणि नेट आलं नाही तर कॅमेऱ्याची रात्र भरदुपारी सुरू होते आणि पोस्टमन आला की भोंगा वाजतो. अवेळी भोंगा वाजला तर सगळ्यात आधी चित्राच्या कोपऱ्यातली तारीख बघा.

## माझ्या कॅमेऱ्याला त्या वायरीच नाहीत

स्वस्त वायफाय कॅमेऱ्यांना बहुधा नसतात. कॅमेरा उघडून आतून वायर काढायच्या फंदात पडू नका. घरात रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर असेल तर त्याच्या पाठीमागे अलार्म आउटचे स्क्रू आहेत का पाहा. कॅमेरा घटनेची खबर नेटवर्कवरून रेकॉर्डरला देतो आणि रेकॉर्डर आपला स्विच मिटवतो. पुढची जोडणी तीच, फक्त आता रेकॉर्डर आणि राउटर किंवा नेटवर्कचा स्विचही बॅटरीवर हवेत. दोन्ही कंपन्या वेगळ्या असतील तर चित्र जुळतं पण घटना जुळत नाही असं होतं, म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच हात हलवून आउटपुट मिटवून दाखवायला सांगा.

## भोंगा असलेलाच कॅमेरा घेतला तर?

चालेल, पण तो आवाज अंगणाबाहेर फारसा जात नाही आणि कॅमेरा ओरबाडला की भोंगाही जातो. वेगळ्या जागी, उंचावर लावलेला भोंगा कॅमेरा तुटल्यावर लगेच हाती लागत नाही. तरी या साध्या रचनेलाही मर्यादा आहे. चोराने कॅमेऱ्याच्या नजरेआडून येऊन अलार्म आउटची वायर आधीच कापली तर भोंगा वाजणार नाही. वायर कापली तरी वाजेल अशी रचना करता येते, पण मग कॅमेरा रीस्टार्ट झाला तरी भोंगा वाजतो. बंद घरासाठी तो सौदा मला परवडणारा वाटत नाही. वायर भिंतीच्या आतून आणणं जास्त उपयोगी.

## खारं वारं

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तांब्याची उघडी टोकं एका पावसाळ्यात हिरवी पडतात. अलार्म आउटच्या जोडावर हे आधी दिसतं, कारण तिथला प्रवाह इतका कमी असतो की मळ जाळून वाट काढायची ताकद त्यात नसते. वायरी नुसत्या पिळून टेप मारू नका. सोल्डर करा किंवा जेल भरलेले कनेक्टर वापरा, जोड धूळ-पाणी आत न जाणाऱ्या आयपी65 डब्यात ठेवा आणि वायर डब्यात खालून आणा, म्हणजे थेंब वायरीवरून आत न जाता बाहेर गळेल. वायर आत येते ते भोक बंद नसेल तर मुंग्या रिलेच्या डब्यात घर करतात.

गणपतीला घर उघडलं की भोंगा हाताने वाजवून बघा, पण त्याआधी चार्जरचा मेन बंद करून. मेन चालू असताना भोंगा वाजला म्हणजे बॅटरी चांगली आहे असं होत नाही. बंद मेनवर दहा मिनिटांतच कॅमेरा गेला तर बॅटरी बदलायची वेळ झाली.